ग्राहकाचे खाते, नातेवाइकाचा फोन आणि कलम 5 (बी)

ग्राहकाची गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल बँक आपल्या कर्मचाऱ्याला जी लेखी ताकीद देते, ती शिस्तभंगाची शिक्षा असते. ती सेवापुस्तिकेत नोंदली जाते, बढतीच्या वेळी वाचली जाते आणि पुन्हा तसाच प्रकार घडला तर पुढच्या, मोठ्या शिक्षेचा आधार बनते. म्हणूनच तिच्यात नेमके काय घडले, त्याने कोणत्या नियमाचे कोणते कलम मोडले आणि आता काय सुधारायचे, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेले असावे लागते. व्यवहारात मात्र बरीच ताकीदपत्रे ‘आपण बँकेच्या नियमांचे उल्लंघन केले आहे, यापुढे काळजी घ्यावी’ एवढ्यावर आटोपतात. असे पत्र पुढे अपिलात टिकत नाही, आणि त्याने ग्राहकाचेही काही भले होत नाही.

ताकीद आणि समज यांत फरक आहे. शाखाधिकाऱ्याने केबिनमध्ये बोलावून झापले किंवा ‘भविष्यात दक्षता घ्यावी’ असे साधे पत्र दिले, तर ती प्रशासकीय समज झाली. ती शिक्षेत मोडत नाही, त्यामुळे तिच्याआधी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन तितके कडक नसते. लेखी ताकीद शिक्षा म्हणून द्यायची असेल, तर आधी आरोप कळवावा लागतो, उत्तराला वेळ द्यावा लागतो आणि त्या उत्तराचा विचार केल्याचे आदेशात दिसावे लागते. पत्रावर ‘समज’ लिहायचे आणि नोंद मात्र शिक्षेच्या रकान्यात करायची, ही चलाखी काही कार्यालयांत चालते. ती हमखास अंगलट येते.

बँकेतील माहिती गोपनीय का मानायची, याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका खटल्यात सापडते. टूर्नियर नावाच्या माणसाच्या खात्यावर बँकेचे नऊ पौंडांहून थोडे अधिक येणे होते. आठवड्याला एक पौंड याप्रमाणे फेडण्याचे त्याने कबूल केले आणि मग हप्ते थकवले. शाखाधिकाऱ्याने त्याचा पत्ता विचारण्यासाठी तो जिथे नोकरीला लागला होता तिथे फोन केला, आणि बोलता बोलता सांगून टाकले की या माणसाचे खाते उणे आहे आणि पैसे सट्ट्यात जात असावेत असा संशय आहे. टूर्नियरची नोकरी पुढे वाढवली गेली नाही. त्याने बँकेवर दावा लावला. 1924 चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपील न्यायालयाच्या निकालात असे ठरले की, ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हा बँक आणि ग्राहक यांच्यातील कराराचाच भाग आहे, मग तो कुठे लिहिलेला असो वा नसो. अपवाद चारच: कायद्याने भाग पाडले तर, सार्वजनिक हितासाठी गरज पडली तर, बँकेला स्वतःच्या हितासाठी, म्हणजे उदाहरणार्थ वसुलीच्या दाव्यात, सांगावे लागले तर, किंवा ग्राहकाची संमती असेल तर. भारतातील न्यायालयांनीही हेच सूत्र मानले आहे. त्या शाखाधिकाऱ्याने काही चोरले नव्हते की विकले नव्हते. तो फोनवर नको तितके बोलला, एवढेच. आजही बहुतेक प्रकरणे याच जातीची असतात.

भारतात राष्ट्रीयीकृत बँकांसाठी हे बंधन कायद्यातच आहे. 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम 13 नुसार कायद्याने किंवा बँकव्यवसायाच्या रूढ रीतीने आवश्यक असेल तेवढे सोडून ग्राहकाच्या कारभाराची कोणतीही माहिती बँकेला उघड करता येत नाही, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर रुजू होण्यापूर्वी निष्ठेची व गोपनीयतेची घोषणा सही करून द्यावी लागते. रुजू होण्याच्या दिवशी वीस कागदांवर सह्या होतात, त्यांतलाच तो एक. पुढे तो कागद कोणाला आठवत नाही. पण ताकीदपत्राच्या फाइलमध्ये त्याची प्रत जोडली की ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव तिथेच संपतो.

शिक्षेसाठी मात्र शिस्तनियमाचे कलम लागते. सरकारी बँकांच्या लिपिक आणि शिपाई वर्गासाठी ते 10 एप्रिल 2002 च्या द्विपक्षीय करारात आहे. त्यातील कलम 5 मध्ये गंभीर गैरवर्तनाची यादी दिली आहे. यादीतला दुसराच प्रकार, म्हणजे 5 (बी), असा आहे: बँकेच्या, तिच्या कोणत्याही ग्राहकाच्या किंवा बँकेच्या व्यवसायाशी संबंध असलेल्या इतर कोणाच्या कारभाराची, गोपनीय असलेली किंवा उघड झाल्यास बँकेच्या हिताला बाध येण्याजोगी माहिती, अधिकार नसताना उघड करणे. अधिकारी वर्गाला वेगळी नियमावली लागू होते. सहकारी बँका, पतसंस्था, विमा कंपन्या, कॉल सेंटर यांचे आपापले सेवानियम किंवा नेमणूकपत्रातील अटी असतात. कलमाचा क्रमांक बदलतो, पत्र लिहिण्याची रीत फारशी बदलत नाही.

एक कल्पित पण कोणत्याही तालुक्याच्या गावात सहज घडेल असे प्रकरण घेऊन ही रीत पाहता येते. एका सरकारी बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करणारा एक लिपिक आहे. त्याच्या मावसभावाच्या मुलीसाठी स्थळ आले. मुलगा जवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, पगार साठ हजार असे मध्यस्थाने सांगितलेले. पगार याच शाखेतल्या खात्यात जमा होतो असे कळल्यावर मावसभावाने फोन केला: ‘दादा, तेवढं बघून सांग ना, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.’ लिपिकाने खाते उघडले. दरमहा अडतीस हजार जमा होत होते, दोन कर्जांचे हप्ते जात होते. त्याने संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला. मावसभावाने तो घरच्या गटात टाकला, गटातून तो मध्यस्थाकडे गेला आणि मध्यस्थाने मुलाच्या वडिलांना दाखवून जाब विचारला. तिसऱ्या दिवशी मुलगा आणि वडील फोटोची छापील प्रत घेऊन शाखेत हजर. लग्न मोडले हे वेगळेच.

इथे शाखाधिकाऱ्याचा पहिला मोह प्रकरण मिटवण्याचा असतो: लिपिकाकडून माफी मागून घ्यायची, चहा पाजायचा आणि ग्राहकाला परत पाठवायचे. दुसरा मोह उलटा, लगेच कडक पत्र काढून मोकळे होण्याचा. दोन्हींच्या आधी पुरावा गोळा करावा लागतो, आणि तो वेळेत करावा लागतो.

कोअर बँकिंगच्या प्रणालीत कोणी खाते नुसते पाहिले तरी त्याची नोंद राहते. कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या मेनूतून खाते उघडले, हे मुख्यालयाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाकडून मागवता येते. या प्रकरणात नोंद सांगते की 9 जूनला सकाळी 11 वाजून 42 मिनिटांनी त्या लिपिकाच्या आयडीवरून खात्याचा सहा महिन्यांचा उतारा पाहिला गेला. त्या दिवशीच्या व्हाउचरांत या खात्याचा एकही व्यवहार नाही. ग्राहक त्या दिवशी शाखेत आला नव्हता, त्याने पासबुक भरायला टाकले नव्हते की कोणता अर्ज दिला नव्हता. म्हणजे खाते पाहण्याचे कामकाजाचे कारण दिसत नाही. छापील फोटोत पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात वापरकर्त्याचा आयडी आणि तारीख दिसते, आणि ती नोंदीशी जुळते. काउंटरवरचे सीसीटीव्ही चित्रण हा तिसरा धागा. ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे ते जपून ठेवण्याची मागणी तक्रारीच्या दिवशीच करावी लागते. एक महिन्याने जाग आली तर काही वेळा फक्त काळा पडदा हाती लागतो.

यातला एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. प्रणालीतील नोंद फक्त पाहिल्याचे सिद्ध करते. कलम 5 (बी) मध्ये गुन्हा आहे तो उघड करण्याचा. कोणी केवळ कुतूहलापोटी शेजाऱ्याचे खाते उघडून पाहिले आणि कोणालाच काही सांगितले नाही, तर ते कामकाजाच्या सूचनांचा भंग ठरते. तो त्याच करारातील कलम 7 खालच्या किरकोळ गैरवर्तनाचा प्रकार आहे. माहिती बाहेर गेली हे दाखवणारा दुवा, म्हणजे फोटो, संदेश किंवा तो मिळालेल्या माणसाचा जबाब, हातात नसेल तर 5 (बी) लावू नये. या प्रकरणात फोटो आहे आणि त्यावर आयडी आहे, म्हणून ते कलम लावता येते.

बचाव कोणता येऊ शकतो, हेही आधीच पाहून ठेवावे लागते. सर्वांत जुना बचाव म्हणजे ‘माझ्या आयडीवर सगळेच काम करतात’. दुर्दैवाने काही शाखांत तो खरा असतो. गर्दीच्या दिवशी जेवायला उठलेल्या माणसाच्या यंत्रावर दुसरा कोणी बसतो, पासवर्ड शाखेत सगळ्यांना तोंडपाठ असतो. अशा शाखेत नोंदीतला आयडी माणूस ठरवायला पुरत नाही, आणि पासवर्ड वाटून वापरणे शाखाधिकाऱ्याने चालवून घेतले असेल तर प्रश्न त्याच्यापर्यंत जातो. सीसीटीव्ही आणि हजेरी यांचे महत्त्व इथे कळते.

पुरावा हाती आला की कारणे दाखवा नोटीस निघते. ती कोणी काढायची हे महत्त्वाचे आहे. द्विपक्षीय करारानुसार शिस्तभंगाची कारवाई करण्याचे अधिकार कोणत्या अधिकाऱ्याला आहेत हे बँकेने ठरवायचे असते आणि ती नावे सूचनाफलकावर लावायची असतात. बहुतेक ठिकाणी शाखाधिकारी हा तो अधिकारी नसतो. प्रादेशिक कार्यालयातील अधिकारी असतो. शाखाधिकाऱ्याने आपल्या सहीने शिक्षा दिली आणि त्याला तो अधिकार नव्हता असे निघाले, तर बाकी सगळे बरोबर असूनही आदेश पडतो.

करारात एक सवलत आहे आणि ताकीदपत्राच्या प्रकरणांत तीच बहुधा वापरली जाते. एरवी गैरवर्तनासाठी रीतसर खातेनिहाय चौकशी लागते: आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीदार, संघटनेचा प्रतिनिधी. पण तीन गोष्टी जुळल्या तर चौकशीची गरज नसते. आरोप सिद्ध झाला तरी बँकेला कामावरून कमी करण्याची किंवा बडतर्फीची शिक्षा द्यायची नसली पाहिजे. कारणे दाखवा नोटिशीत गैरवर्तन आणि त्यासाठी होऊ शकणारी शिक्षा, दोन्ही कळवलेली असली पाहिजेत. आणि कर्मचाऱ्याने आपल्या उत्तरात स्वेच्छेने कबुली दिलेली असली पाहिजे. शिक्षेच्या स्वरूपाबद्दल म्हणणे मांडायला त्याने सुनावणी मागितली, तर ती द्यावीच लागते.

अडचण येते ती कबुलीची. या लिपिकाने उत्तरात लिहिले असते की ‘मी फोटो पाठवला हे खरे आहे, पण लग्नाच्या बोलणीत पगार सगळेच सांगतात, त्यात गोपनीय ते काय’, तर ती कबुली नव्हे. त्याने घटना मान्य केली, माहिती गोपनीय होती हे अमान्य केले. कलमातला एक घटकच वादात राहिला, म्हणून चौकशी करावी लागेल. त्याने लिहिले की ‘नात्यातल्या माणसाने गळ घातली म्हणून मी फोटो पाठवला, ती माझी चूक आहे, पुढे गटात कोणी टाकला त्याच्याशी माझा संबंध नाही’, तर ती पुरेशी कबुली धरता येते. माहिती एका अनधिकृत माणसाला दिली तिथेच गैरवर्तन पूर्ण झाले. ती पुढे किती जणांत पसरली हा शिक्षेचे प्रमाण ठरवतानाचा मुद्दा आहे. पगाराच्या रकमेपुरता प्रश्न असता तरी ती गोपनीयच होती, आणि फोटोत तर कर्जांचे हप्ते, औषधाच्या दुकानाची बिले, कोणाकोणाला पाठवलेले पैसे, सगळेच होते. सहा महिन्यांच्या उताऱ्यावरून माणसाचे अर्धे आयुष्य वाचता येते.

आता शिक्षा. 5 (बी) गंभीर गैरवर्तनाच्या यादीत आहे, मग तिथे ताकीद कशी देता येते? करारातील कलम 6 मध्ये गंभीर गैरवर्तनासाठीच्या शिक्षा बडतर्फीपासून सुरू होऊन पुढे वेतनवाढ रोखणे आणि ताकीद, ठपका किंवा प्रतिकूल शेरा इथपर्यंत येतात. ताकीद हीच शिक्षा किरकोळ गैरवर्तनाच्या यादीतही आहे. त्यामुळे ताकीद दिली म्हणजे गैरवर्तन किरकोळ ठरले असे होत नाही. आदेशात ‘कलम 5 (बी) खालील गंभीर गैरवर्तनाबद्दल कलम 6 खाली ताकीद’ असे लिहिले नाही, तर दोन वर्षांनी कोणीही म्हणेल की तो किरकोळ प्रकार होता. शिक्षा ठरवताना गैरवर्तनाची गंभीरता, कर्मचाऱ्याची आजवरची कारकीर्द आणि दोष वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या बाबी पाहायच्या, असे करारच सांगतो. इथे पैसे घेतलेले नाहीत, आधीची नोंद स्वच्छ आहे, कबुली लगेच दिली आहे. दुसऱ्या बाजूला एका कुटुंबाची बोलणी मोडली आहेत आणि माहिती परत घेता येण्याजोगी राहिलेली नाही. ताकीद इथे उदारच म्हणावी लागेल. वर्षभराची वेतनवाढ रोखली असती तरी कोणी अन्याय म्हटले नसते. माहिती पैशासाठी दिली असती तर मात्र ताकीद पूर्णपणे चुकीची ठरली असती. तिथे माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे कलम 72ए पुढे येते आणि प्रकरण पोलिसांकडे जाते.

अशा प्रकरणातील आदेशाचा मुख्य भाग साधारण असा असावा:

‘दि. 9 जून रोजी सकाळी 11.42 वाजता आपण आपल्या वापरकर्ता आयडीवरून शेवटचे चार अंक 0417 असलेल्या बचत खात्याचा उतारा कोणत्याही कार्यालयीन कारणाशिवाय पाहिला, पडद्याचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलवर घेतले व ते बँकेबाहेरील व्यक्तीस पाठविले. दि. 20 जूनच्या कारणे दाखवा नोटिशीस दि. 26 जून रोजी दिलेल्या उत्तरात आपण हे मान्य केले आहे. दि. 4 जुलैच्या सुनावणीत आपण मांडलेले म्हणणे, म्हणजे आर्थिक लाभ घेतला नाही व पूर्वीची नोंद निष्कलंक आहे, विचारात घेतले आहे. आपली कृती दि. 10 एप्रिल 2002 च्या द्विपक्षीय करारातील कलम 5 (बी) नुसार गंभीर गैरवर्तन ठरते. त्याबद्दल कलम 6 नुसार आपणास ताकीद देण्यात येत आहे. या आदेशाविरुद्ध आदेश मिळाल्यापासून 45 दिवसांच्या आत अपील करता येईल.’

या मजकुरात खातेक्रमांक पूर्ण नाही, ग्राहकाचे नाव नाही, पगाराचा आकडा तर नाहीच. ताकीदपत्र शाखेच्या फाइलमध्ये, प्रादेशिक कार्यालयात, कर्मचाऱ्याच्या घरी आणि कधी संघटनेच्या कार्यालयातही जाते. गळतीबद्दलच्या पत्रातूनच ती माहिती पुन्हा चार ठिकाणी गेली, असे विनोदी प्रकार होतात. नोटिशीसोबत पुरावा दाखवायचा असतो तोही रक्कम आणि नावे झाकून, आणि शक्यतो कार्यालयात बसून पाहायला द्यावा. आणखी एक काळजी म्हणजे नोटिशीतला आरोप आणि आदेशातला निष्कर्ष अगदी एकच असला पाहिजे. नोटिशीत 5 (बी) आणि आदेशात त्याच्या जोडीला ‘बँकेची बदनामी केली’ असा नवाच आरोप घातला, तर त्यावर कर्मचाऱ्याला उत्तर देण्याची संधी मिळालेली नसते.

आदेशाचा दुसरा भाग सुधारणेचा. इथे सर्वाधिक ढिसाळपणा दिसतो, कारण ‘अशी चूक पुन्हा करू नये’ ही सुधारणा नाही, अपेक्षा आहे. सुधारणेची बाब कोण करील, कधीपर्यंत करील आणि झाली हे कोण तपासेल, याची उत्तरे वाक्यातच असावीत. या प्रकरणात पहिली बाब तातडीची होती आणि ती आदेशाची वाट पाहत थांबू शकत नव्हती. तक्रार आली त्याच दिवशी लिपिकाने आपल्या फोनमधला फोटो शाखाधिकाऱ्यासमोर काढून टाकायचा, फोनच्या ऑनलाइन साठ्यातली प्रतही काढायची, पण त्याआधी पुरावा म्हणून त्या संदेशाची नोंद घेऊन ठेवायची. हा क्रम उलटा झाला तर पुराव्याचाच नाश होतो. मावसभावाकडून फोटो काढल्याचे लेखी घ्यायचे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय साधारण अडीच दिवसच असते, आणि ती पुढे ढकललेल्या प्रतींना लागू होत नाही. या ग्राहकाची तक्रार तिसऱ्या दिवशी आली, म्हणजे ती खिडकी जवळजवळ बंद झाली होती. ज्यांच्याकडे फोटो गेला त्यांची यादी करून त्यांना विनंती करणे, एवढेच हाती उरते, आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगणे हेच प्रामाणिक.

आदेशातल्या बाकीच्या बाबी अशा लिहिता येतात: आदेश मिळाल्यापासून तीन दिवसांत पासवर्ड बदलावा, प्रणाली-अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करावे, तीस दिवसांत ग्राहक-गोपनीयतेचे प्रशिक्षण पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र सादर करावे, गोपनीयतेची घोषणा पुन्हा सही करून द्यावी, पुढील सहा महिने या आयडीवरून व्यवहाराशिवाय पाहिलेल्या खात्यांचा अहवाल दर महिन्याला शाखाधिकाऱ्याने तपासून त्यावर शेरा मारावा. शेवटची बाब सगळ्यांत उपयोगी. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र प्रश्नोत्तरे सोडवून कोणालाही मिळते. कोणत्या व्हाउचरशी जुळत नसलेल्या खातेदर्शनाची महिन्याची यादी मात्र खोटे बोलत नाही. काउंटरवरच्या माणसाला फोनवर शिल्लक सांगावी लागते, चुकून दुसरे खाते उघडते, म्हणून अशी काही दर्शने असणारच. पण त्यांत नातेवाइकांची, शेजाऱ्यांची खाती दिसू लागली की समजावे.

सुधारणा आणि शिक्षा यांची सरमिसळ होऊ नये, हा सर्वांत नाजूक मुद्दा. एका आरोपाबद्दल एकाहून अधिक शिक्षा देता येत नाही, हे करारातच आहे. ताकीद दिली आणि त्याच आदेशात ‘विशेष भत्ता असलेले काम काढून घेण्यात येत आहे’ असे लिहिले, तर तो भत्ता जाणे ही दुसरी शिक्षा होते. ‘सुधारणा’ असे नाव दिल्याने ती बदलत नाही. ताकीद देऊन पन्नास किलोमीटरवर बदली केली तर तिच्याकडेही तशाच नजरेने पाहिले जाते. कामावरचे निरीक्षण वाढवणे, प्रणालीतील प्रवेश गरजेपुरता मर्यादित करणे, प्रशिक्षण देणे हे चालते, कारण त्यात पगार, दर्जा किंवा ज्येष्ठता यांपैकी काही कमी होत नाही. काउंटरवर मोबाइल न वापरण्याचा नियमही एकट्या लिपिकासाठी करता येत नाही. तो शाखेतल्या सर्वांसाठी असावा लागतो. आणि खरे पाहता या प्रकरणात शाखेच्याही चुका आहेत. काउंटरवर मोबाइल सर्रास वापरला जात होता आणि व्यवहाराशिवाय पाहिलेल्या खात्यांची यादी कोणी कधी मागवलेली नव्हती. या बाबी लिपिकाच्या ताकीदपत्रात घालायच्या नसतात. त्यांचे वेगळे पत्र शाखाधिकाऱ्याच्या नावाने निघते.

पत्र बंद लिफाफ्यात, हाती देऊन पोच घेऊन द्यावे. काही कर्मचारी सही करायला नकार देतात, त्यांना ती कबुली वाटते. पोचेवर ‘मिळाले, मजकूर मान्य नाही’ असे लिहून सही केली तरी चालते, आणि नकारच दिला तर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन तसे नोंदवावे व नोंदणीकृत टपालाने घरी पाठवावे. सूचनाफलकावर किंवा शाखेच्या गटात ते टाकू नये. ताकीद ही कर्मचाऱ्याचीही गोपनीय माहिती आहे, हे रागाच्या भरात विसरले जाते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. त्यातील मुख्य कर्तव्ये टप्प्याटप्प्याने, नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी अमलात येतात. या कायद्यात माहितीची अनधिकृत उघडकी ही ‘माहितीभंग’ या व्याख्येत येते, मग ती एका माणसाचीच का असेना, आणि असा भंग झाल्यास संरक्षण मंडळाला व संबंधित व्यक्तीला कळवणे बँकेवर बंधनकारक होते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा दंड संस्थेवर असतो, लिपिकावर नाही. त्यामुळे ‘कर्मचाऱ्याला ताकीद दिली, विषय संपला’ हे उत्तर पुढे बँकेला पुरणार नाही. आयडी वाटून वापरले जात नव्हते, खातेदर्शनाच्या नोंदी तपासल्या जात होत्या, हे तिला कागदावर दाखवावे लागेल.

तक्रारदार ग्राहकाला ताकीदपत्राची प्रत मागण्याचा हक्क नाही. त्याला लेखी कळवायचे ते एवढे: तक्रार खरी आढळली, माहिती अमुक दिवशी अमुक स्वरूपात बाहेर गेली, ती ज्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे बँकेला कळले त्यांना ती काढून टाकायला सांगितले आहे, संबंधितावर नियमानुसार कारवाई झाली आहे आणि बँक दिलगीर आहे. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे’ एवढेच छापील उत्तर गेले, किंवा तीस दिवसांत काहीच कळवले नाही, तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू शकतो. तिथे बँकेला आधी नोंदींचे उतारे आणि मग हे ताकीदपत्र पुढे ठेवावे लागते, आणि कलम न लिहिलेले पत्र असेल तर बँकेचा प्रतिनिधी तिथे काय उत्तर देतो, ते पाहण्यासारखे असते.